हिस्सा नव्हे, गरज

प्रिय ताई, प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी नंदुरबार जिल्ह्यात आहे, घरं २७. तीन शिक्षक आणि एक नर्स सोडले तर बाकीचे शेतमजूर, दोघे सालदार, आणि दिवाळीनंतर पाच-सहा घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पाळकसाहेब सुटीवर असल्यामुळे पुढच्या महिन्यात प्रेषितांची कृत्ये अध्याय २ आणि ४ वर संदेश मला द्यायचा आहे. विश्वासणारे आपली मालमत्ता विकून गरजेप्रमाणे वाटून देत, या तिथल्या वचनावर मागे बोलणं झालं तेव्हा एक जण उठून म्हणाला, "मग मी शेत विकू का?" दुसरा म्हणाला, "आपली भिशी आहेच की, तेच तर ते." दोघांनाही नीट उत्तर मिळालं नाही. आपल्यासारख्या लहान मंडळीत वाटून घेणं म्हणजे नक्की काय करायचं, ते सांगाल का?
– एक वाचक, नंदुरबार जिल्हा

प्रिय भाऊ,

प्रभूमध्ये सलाम. ज्याने शेत विकण्याचं विचारलं त्याच्यापासूनच सुरुवात करा. त्याचा प्रश्न खोडसाळ नाही. दोन बिघ्यांवर घर चालवणाऱ्या माणसाला हे वचन ऐकून पहिली भीती तीच वाटणार, आणि ती मनात असेपर्यंत पुढचं काही त्याच्या कानात शिरणार नाही.

त्याला क्रियापदं वाचून दाखवा. मूळ ग्रीकमध्ये लूक असं लिहीत नाही की एके दिवशी सगळ्यांनी सगळं विकून टाकलं. तो चालू भूतकाळ वापरतो: विकत असत, वाटून देत असत, ज्याला जशी गरज लागे तसं. आपल्या मराठीत हा फरक फार सोपा आहे. 'बैल विकला' आणि 'बैल विकत असे' यातलं अंतर शाळेतल्या पोरालाही कळतं. गरज पुढे आली की कोणीतरी काहीतरी मोकळं करायचं, पुन्हा गरज आली की पुन्हा. घरं तर त्यांच्याकडे राहिलीच होती. बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटतो आणि योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी जातो. त्या घराला दरवाजा आहे, दार उघडायला रोदा नावाची मुलगी आहे, आणि आत पुष्कळ लोक प्रार्थनेला बसले आहेत. मरीयेने ते घर विकलं असतं तर त्या रात्री मंडळी जमली कुठे असती? तिने घर समाईक केलं ते उंबरा उघडा ठेवून.

पाचव्या अध्यायातलं पेत्राचं वाक्यही त्याला ऐकवा. हनन्याला तो विचारतो, जमीन होती तोवर ती तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे विकण्याची सक्ती नव्हती आणि सगळी रक्कम आणून देण्याचीही नव्हती. हनन्या आणि सप्पीरा यांनी पैसे मागे ठेवले हा त्यांचा गुन्हा नव्हता. थोडं देऊन सगळं दिल्याचा देखावा त्यांनी केला, तो गुन्हा होता. त्याच्या आदल्याच ओळींत कुप्र बेटाचा लेवी योसेफ, ज्याला प्रेषित बर्णबा म्हणत, त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवल्याचं नावानिशी लिहिलं आहे. तेव्हा देणाऱ्याचं नाव घेतलं जाणं वाईट नाही. बर्णबासारखं दिसावं म्हणून देणं वाईट. तुमच्याकडेही हंगामाच्या सणाला नारळ-भोपळ्याचे लिलाव होत असतील, आणि बोली चढवणाऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं जात असेल. संदेशात त्यावर टीका करू नका, पण हनन्याचा भाग वगळूही नका. तो वगळला की हे वचन अर्धंच राहतं.

आता भिशीचं. तुमच्या मंडळीत गाठ बसली आहे ती इथे, म्हणून मी इथे जरा रेंगाळते.

आपल्या मराठी शास्त्रात 'त्यांचे सर्व काही समाईक होते' असं आहे. खान्देशात हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' लिहिलेली असते. चार भावांची विहीर, प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली, सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार-गुरुवार मधल्याचे. थोरल्याचं केळीचं रान सुकायला लागलं म्हणून मधला आपला बुधवार सोडेलच असं नाही, कारण तिथे हिशेब हिश्शाचा आहे. भिशी अशीच. दहा जणांनी दरमहा हजार भरले की प्रत्येकाला एकदा दहा हजार मिळतात. जितकं भरलं तितकंच परत, फरक फक्त वेळेचा. बचत गटही तसाच, वर थोडं व्याज. या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, मी स्वतः गटात बारा वर्षं आहे. पण ज्याच्याकडे भरायला हजार रुपये नाहीत तो भिशीत बसूच शकत नाही, आणि कृत्यांमधली वाटणी सुरू होते ती नेमकी त्याच्यापासून. लूक दोनदा, दुसऱ्या अध्यायातही आणि चौथ्यातही, मोजमाप एकच देतो: ज्याची जशी गरज. हिस्सा हा शब्दच तिथे नाही. चौथ्या अध्यायात तो म्हणतो की त्यांच्यात कोणालाही उणं नव्हतं. ही ओळ त्याने जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातून उचललेली दिसते. तिथे कर्जमाफीच्या सातव्या वर्षाचा नियम सांगताना मोशे म्हणतो की तुमच्यात कोणी गरीब असू नये. यहुदी श्रोत्याला ती ओळ ओळखीची वाटलीच असेल.

भिशीवाल्या भावाला हिश्शापलीकडचा समाईकपणा समजावायचा असेल, तर आपल्याच मातीतलं उदाहरण द्या. पांझरेच्या काठी फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालचं रान फडांत वाटलेलं असतं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि एकेका शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असतात. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळे मिळून पडीक ठेवतात. त्यामुळे दुष्काळ एकाच घरावर कोसळत नाही, प्रत्येकाच्या ताटातून थोडा थोडा जातो. माझं माहेर त्या भागातलं. वडील म्हणायचे, "पाणी वाटणं सोपं, कोरड वाटता आली पाहिजे."

आता आमच्या मंडळीत काय झालं ते लिहिते. त्यात माझीच चूक मोठी आहे, म्हणून ते सोसून वाचा.

आम्ही धुळे जिल्ह्यातली ३१ घरं. 'गरजू फंड' सुरू केला तेव्हा पंचांत मी एकटीच बाई. वर्षभरात ९,३०० रुपये जमले. नाताळाला वाटायचे ठरले, आणि कोणाला वाईट वाटू नये म्हणून मीच सुचवलं की सगळ्यांना सारखे द्या. ९,३०० भागिले ३१, म्हणजे घरामागे ३०० रुपये. माझ्या घरीही ३०० आले, मुख्याध्यापकांच्या घरीही आले. नातवाला घेऊन एकट्या राहणाऱ्या एका आजींनाही ३००च. सगळे खूश होते. जानेवारीत तो नातू चिंचेवरून पडला आणि पाय मोडला. दवाखाना, प्लास्टर आणि धुळ्याच्या फेऱ्या धरून ११,००० लागले. आजींनी ते गावातल्या एकाकडून शेकडा पाचने उचलले. महिन्याला ५५० रुपये व्याज, म्हणजे सहा महिन्यांत ३,३०० नुसत्या व्याजात गेले आणि मुद्दल जागच्या जागी. नाताळाला आम्ही जे ९,३०० वाटून टाकले होते ते राखून ठेवले असते, तर तिला फार तर १,७०० कमी पडले असते. समान वाटणीने आम्ही ज्यांना गरज नव्हती त्यांना ३०० रुपयांचा आनंद दिला, आणि जिला होती तिला सावकाराच्या दारात उभं केलं.

हे मला जूनमध्ये कळलं. मी घाईघाईने उपासनेत उभी राहिले, आजींचं नाव घेऊन सगळी हकीकत सांगितली आणि खास दानाची थाळी फिरवली. ४,२०० रुपये जमले. आजी पुढच्या चटईवर बसल्या होत्या, पदर तोंडावर घेऊन. त्यानंतर चार रविवार त्या आल्याच नाहीत. मी घरी गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बाई, पैसे लेवाले मी रडनू नही, आते तू मले सर्वास्नी दखाडं." अहिराणी तुम्हाला कळत असेलच. पैशांसाठी मी कोणापुढे रडले नव्हते, आता तू मला सगळ्यांना दाखवून ठेवलंस.

त्या वर्षी आम्ही सहावा अध्याय पुन्हा वाचला. तो भाग संदेशात लोक बहुधा वगळतात, तुम्ही वगळू नका. चौथ्या अध्यायात कोणालाच उणं नाही असं लिहिलेलं, आणि दोनच अध्यायांनंतर विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा सुटत होत्या, वाटणारे बहुधा इब्री बोलणारे असावेत. मुद्दाम कोणी टाळलं असं लूक म्हणत नाही. ज्यांची भाषा आपण बोलतो त्यांचीच अडचण आपल्या कानावर येते, दुसऱ्यांची येत नाही, इतकंच असावं. प्रेषितांनी काय केलं? 'सगळे ख्रिस्तात एक आहेत' म्हणून गप्प बसवलं नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत, आणि शेवटचा तर अंत्युखियाहून यहुदी धर्मात आलेला परका. ज्यांची तक्रार होती, वाटपाची पिशवी बहुतेक त्यांच्याच हातात गेली.

तुमच्या पत्रात मला हीच गोष्ट दिसली. तीन शिक्षक आणि एक नर्स, मग बाकीची घरं. फंड सुरू झाला तर तो शिक्षकांच्या हातात जाणार, कारण त्यांना हिशेब लिहिता येतो. नवापूर-नंदुरबारकडच्या मंडळ्यांत कितीतरी घरांत मावची नाहीतर भिली बोलतात आणि उपासना मात्र मराठीत चालते. तुमच्याकडेही तसं असेल, तर वाटणाऱ्यांत त्या घरातली एक बाई असलीच पाहिजे. तिला लिहिता येत नसेल तर लिहिणारा दुसरा देता येईल. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिला जे कळतं, ते लिहिणाऱ्याला कळणार नाही.

आमच्याकडे तेव्हापासून तिघं पाहतात: एक आशा वर्कर, एक शेतमजूर बाई आणि एक निवृत्त कंडक्टर. महिन्यातून एकदा ते घरोघर जाऊन बसतात, चहा घेतात, फंडाचा विषय काढत नाहीत. गरज बहुधा बोलण्यातून नाही, घरातून कळते. शेळी दिसत नाही, पोरगं शाळेच्या वेळी घरी आहे, तेलाची बाटली आडवी करून ठेवली आहे. ३,००० पर्यंत तिघं आपापसात ठरवून त्याच आठवड्यात देतात, त्यावर लागले तर पंचांना विचारतात, पण नाव न सांगता. वहीत तारीख, रक्कम आणि कारण एवढंच असतं, 'दवाखाना', 'फी', 'किराणा', आणि खाली तिघांच्या सह्या. पंच दर तीन महिन्यांनी बेरीज तपासतात. पैशाला एकट्याने हात लावायचा नाही, हे आम्ही पौलापासून शिकलो. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना तो करिंथकरांना लिहितो की या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये म्हणून सोबत दुसरे भाऊ पाठवतो आहे. पौलासारख्याला जर साक्षीदार लागले, तर आपल्याला का लागू नयेत?

हे पैसे उसने द्यायचे की कायमचे, यावर आमचं पुष्कळ भांडण झालं. या नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी आम्ही बिनव्याजी उसने दिले. झालं असं की ज्याचे फिटले नाहीत तो उपासनेला यायचा थांबला, कारण पहिल्या रांगेत त्याचा सावकार बसलेला, म्हणजे आम्हीच. आता फंडातून दिलेलं परत मागत नाही. परतफेडीचं कर्ज हवं असेल तर बचत गट आहे, तो वेगळा ठेवला आहे, आणि त्याची वही वेगळी. दोन्ही मिसळले की माणसाला कळेनासं होतं की आपण भाऊ आहोत की थकबाकीदार.

आणि मागणारा दारुडा असेल तर? हा प्रश्न तुम्हाला हमखास येईल. पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं वाक्य लोक तेव्हा फेकतात, काम करत नाही त्याने खाऊही नये. मूळ वाक्यात 'ज्याची काम करायची इच्छा नाही' असं आहे. काम मिळत नाही, अंगात बळ नाही, अशांबद्दल ते नाही, आणि त्याच्या बायकापोरांबद्दल तर मुळीच नाही. आम्ही अशा घरी रोख देत नाही. किराणा बाईच्या हातात देतो, फी थेट शाळेत भरतो.

आता तुमच्या ऊसतोडीच्या घरांकडे येते. मला वाटतं, तुमचा संदेश तिथेच उभा राहील.

आमच्याकडचं एक जोडपं दरवर्षी कोयता घेऊन जायचं. मुलगी सातवीत होती, तिलाही सोबत नेत, त्यामुळे तिची दिवाळी ते होळी शाळा बुडायची. एका सप्टेंबरमध्ये आईने आशाताईला सांगितलं की मुकादमाकडून २०,००० ची उचल घेणार आहोत, त्यातले ८,००० पोरीच्या आजारपणाच्या उधारीत जातील, बाकी घराच्या पत्र्यांना. तिघांनी पंचांना विचारून ८,००० फंडातून दिले. पत्र्यांचं काम मंडळीतल्या चौघांनी दोन रविवारी दुपारी केलं, पत्रे तेवढे त्या जोडप्याने घेतले. उचल २०,००० ऐवजी ७,००० वर आली. उचल कमी म्हणजे फेडायची तोड कमी, त्यामुळे ते जोडपं नेहमीपेक्षा तीन आठवडे आधी परतलं. मुलगी मात्र गेलीच नाही. मंडळीतल्या एका घराने तिला ठेवून घेतलं, आई-बाप परतेपर्यंत, दोन वेळची भाकरी आणि अभ्यासाला दिव्याखाली जागा. मला विचाराल तर त्या वर्षी वहीतल्या कोणत्याही रकमेपेक्षा ती भाकरी कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायाच्या जास्त जवळ होती. तिथे मालमत्तेच्या ओळीला लागूनच घरोघरी भाकर मोडून आनंदाने जेवण्याची ओळ आहे.

त्यातही एक गोष्ट बिघडली, तीही सांगते. जानेवारीत आशाताईच्या लक्षात आलं की त्या घरात सगळी भांडी तीच पोरगी घासते, घरच्या दोन मुली नाही. घरचे वाईट नव्हते. पोर स्वतःहून उठायची, आणि त्यांनी तिला बसवलं नाही. त्या माउलीशी बोलल्यावर तिघींच्या पाळ्या लागल्या. दुसऱ्याच्या ताटात जेवणारं लेकरू आपली भाकरी फेडायला बघतं, हे ठेवून घेणाऱ्यांना आधीच सांगा.

अजून एक. एखादा म्हणेल की सगळं विकून खाल्ल्यामुळेच यरुशलेमची मंडळी पुढे कंगाल झाली आणि अंत्युखियाकरांना मदत पाठवावी लागली. हे मी उपदेशांतूनही ऐकलं आहे. ग्रंथ कारण वेगळं देतो: क्लौद्याच्या काळात दुष्काळ पडला, आणि अंत्युखियातल्या शिष्यांनी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे पाठवायचं ठरवलं. ती मदत घेऊन गेलेल्या दोघांत एक बर्णबाच होता.

संदेशाची तारीख मात्र बदलून घ्या. पुढच्या महिन्याचा कोणताही रविवार चालेल असं समजू नका. मुकादम उचल वाटायला यायच्या आधीचा रविवार हवा. दिवाळीनंतर ती पाच-सहा घरं चटईवर नसतील, आणि त्यांच्याविषयी त्यांच्या पाठीमागे बोलणं म्हणजे माझी जूनची थाळी पुन्हा फिरवणं होईल. आदल्या आठवड्यात त्यांच्यापैकी कोणा एका बाईच्या घरी जा, वहिनींना सोबत न्या, आणि चहा होईपर्यंत काही विचारू नका.

तुमची ताई